उघडकीस आलेल्या कर्जानंतरचे तीन दिवस

कन्नड तालुक्यातील एका भगिनीचे दीर्घ पत्र गेल्या महिन्यात हाती आले. पत्राच्या अखेरीस त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : ‘माणूस पुन्हा चुकला तर रागवायचे, समजावायचे की तडक दवाखान्यात न्यायचे? घाई केव्हा करायची, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही.’ त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून ती हकिकत येथे मांडतो. जुगार, दारू, चिंता आणि खिन्नता ही एकाच घरात एकत्र नांदू लागली म्हणजे धोका नेमका कोणत्या दिवशी वाढतो, हे तिच्यावरून आपल्या ध्यानात येईल.

पत्रातील गृहस्थ बेचाळीस वर्षांचे. पाच एकर कोरडवाहू शेती, एक विहीर, कापूस आणि मका हे नेहमीचे पीक. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांचे पाहून त्यांनी एक एकर अद्रक लावले. बेणे, ठिबक आणि खते यांसाठी कर्ज काढले आणि काढणीच्या वेळी भाव कोसळले. त्या हंगामापासून त्यांची झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचे, जेवण गोड लागेना. झोप यावी म्हणून संध्याकाळी एक क्वार्टर सुरू झाली. वर्षभरात एकाच्या तीन झाल्या. आठवडी बाजाराला गेल्यावर दहा-वीस रुपयांचा मटका ते तरुणपणापासून अधूनमधून लावत असत. आता तो रोजचा झाला, आणि त्यात मोबाइलवरील पत्त्यांच्या खेळाची भर पडली.

एके शुक्रवारी वसुलीसाठी दोन माणसे दारात आली. पत्नीने कपाट उघडून पाहिले तर पाटल्या नव्हत्या, त्यांच्या जागी सोनेतारणाची पावती होती. पीककर्ज, बचत गटाची उचल, सावकाराचे पैसे आणि हे तारण मिळून आकडा सहा लाख चाळीस हजारांवर गेला. त्याच रात्री भाऊ, सासरे आणि गावातील दोन जाणती माणसे बसली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली : ‘आजपासून दारू नाही, आकडा नाही.’ मोबाइल काढून घेतला. घरातील बाटली अंगणात ओतली. मंडळी समाधानाने उठली. आपणही त्या बैठकीत असतो तर बहुधा हेच केले असते.

खेळ मनाला कसा धरतो

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंततात हे पाहिले पाहिजे. मटक्याचा जन्मच कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत पैजा लागत. तो मार्ग 1961च्या सुमारास बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्यांचा आणि पत्त्यांचा खेळ रूढ केला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र तेच राहिले. ज्या शेतकऱ्याचे वर्ष कापसाच्या भावावर ठरते त्याला हा खेळ ओळखीचा वाटतो. येथेही भाव आपल्या हाती नाही, फक्त निकाल वर्षाऐवजी तासाभरात लागतो.

हिशेब सोपा आहे. आकडे दहा, रूढ दराने एका आकड्याला नऊपट मिळतात. म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये जातातच. एका दिवशी ते जाणवत नाहीत. पण जिंकलेले पैसे पुन्हा लावले, हरलेले भरून काढण्यासाठी दुप्पट लावले, की तोच दहा टक्क्यांचा काटा दर फेरीला बसत राहतो. हे गणित त्या गृहस्थांना कळत नव्हते असे नाही. कापसाचा क्विंटलमागचा खर्च ते तोंडी सांगत. तरीही ते खेळत, कारण खेळण्याचे कारण पैसा उरलेच नव्हते.

‘आकडा फुटेपर्यंतचा अर्धा तास डोक्यात दुसरे काही येत नाही,’ असे त्यांनी पुढे सांगितले. या एका वाक्यात चिंतेचा आणि जुगाराचा संबंध आहे. धडधडत्या मनाला त्या अर्ध्या तासात विसावा मिळतो. तो बक्षिसापेक्षा मोठा असतो, आणि मन त्यालाच चटावते. निकाल लागला की चिंता नव्या कर्जासह परत येते. मग ती दाबण्यासाठी दारू. दारूने विवेक सैल होतो आणि लावायची रक्कम वाढते. सकाळी ग्लानी, लाज आणि खिन्नता. त्यातून सुटण्यासाठी पुन्हा खेळ. सहाऐवजी सात आकडा आला की ‘थोडक्यात हुकला’ असे मन म्हणते. वास्तविक एका अंकाने हुकणे आणि पाच अंकांनी हुकणे यांत काडीचाही फरक नसतो. पण थकलेल्या मनाला ती जवळ आलेली जीत वाटते.

ही जोडी अपवादात्मक नाही. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, जुगाराचा विकार जडलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना आयुष्यात केव्हातरी दारूचा विकार, निम्म्या लोकांना खिन्नता वा मनःस्थितीचा विकार आणि दहांपैकी चौघांना चिंतेचा विकार झालेला आढळला. आकडे त्या देशाचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण धडा लागू पडतो : जुगार दिसला की उरलेल्या तिन्हींची चौकशी करावी, आणि दारू दिसली की जुगाराची. बहुतेक घरांत दारू दिसते, कारण तिला वास असतो. जुगाराला वास नसतो.

शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट

आता पुन्हा त्या घरात जाऊ. शेवटचा पेला शुक्रवारी सायंकाळी सातच्या सुमारास झाला होता. हा वेळ लक्षात ठेवावा, कारण पुढील प्रत्येक गोष्ट तेथून मोजायची आहे.

शनिवारी सकाळी, म्हणजे बारा तासांनी, हात थरथरू लागले. चहाचा कप बशीवर वाजू लागला. घाम, मळमळ, दोन वेळा उलटी. घरच्यांना वाटले, शपथ मोडायचे निमित्त शोधतो आहे. शनिवारी रात्री त्यांनी थोरल्या मुलाला जवळ बोलावले आणि सातबारा, पासबुक व विम्याची कागदपत्रे कोठे आहेत ते समजावून सांगितले. ‘आता तुम्हाला माझा त्रास व्हायचा नाही,’ असेही म्हणाले. सासऱ्यांना त्यात शहाणपण परत आल्याची खूण दिसली.

रविवारी झोप अजिबात नाही. छातीत धडधड, अंग गरम, बोलणे तुटक. शेजारच्या एकाने उरलेल्या झोपेच्या गोळ्या देऊ केल्या. पत्नीने त्या दिल्या नाहीत, हे नशीब. सोमवारी पहाटे पाचला ते भिंतीवर किडे चढताहेत म्हणून हाताने झटकू लागले, नसलेल्या माणसांशी बोलू लागले, मुलाला ओळखेनात. घरात कोणीतरी बाहेरची बाधा म्हटले आणि माहितगाराला बोलावण्याची भाषा सुरू झाली. त्याच वेळी गल्लीतील आशाताई आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : ‘दारू केव्हापासून बंद आहे? त्याआधी रोज किती?’ उत्तर ऐकताच त्यांनी 108 क्रमांकावर फोन लावला.

वाचकहो, त्या पहाटे जे दिसत होते ते भूत नव्हते आणि वेडही नव्हते. रोज भरपूर दारू घेणाऱ्याचा मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेऊन स्वतःला अधिक चेतवत राहतो. एका क्वार्टरमध्ये सुमारे साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. तीन क्वार्टर म्हणजे त्याच्या तिप्पट. ही गुंगी एका रात्रीत काढून घेतली तर चेतवलेला मेंदू मोकाट सुटतो. कंप आणि घाम पहिल्या दिवसात येतात. फिट येण्याचा धोका साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत असतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम, भास, ताप आणि दिशाभूल अशी गंभीर अवस्था येते. तिला वैद्यकात ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचार न मिळाल्यास तिच्यात जीव जाऊ शकतो. आमच्या गृहस्थांची पहाट शेवटच्या पेल्यापासून अठ्ठावन्नाव्या तासावर आली होती.

म्हणून शपथ, माळ किंवा श्रावण या निमित्ताने दारू सोडणे कितीही स्तुत्य असले, तरी रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने ती घरी एकाएकी बंद करणे सुरक्षित नसते. आधी कधी सोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर घरी प्रयत्न करूच नये. रुग्णालयात हे काम काही दिवसांत सुरक्षितपणे होते. मेंदू शांत ठेवणारी औषधे ठरावीक मात्रेने देऊन हळूहळू कमी करतात, आणि जीवनसत्त्व बी-1, म्हणजे थायमिन, देतात. दारूने त्याचा साठा आटलेला असतो आणि त्याच्या अभावी स्मृतीला कायमची इजा होऊ शकते. थायमिनच्या आधी ग्लुकोज चढवणे टाळतात, हेही घरच्यांनी ऐकून ठेवावे. अशा रुग्णाला अशक्तपणा आहे म्हणून कोणाकडूनही ‘बाटली लावून’ घेणे हा उपाय नव्हे.

दुसरा धोका, जो कोणाला दिसला नाही

कंप आणि भास डोळ्यांना दिसले. शनिवारच्या रात्रीचे बोलणे मात्र सर्वांच्या कानांवरून गेले. सारे कर्ज उघडे पडले आहे, गावासमोर मान खाली गेली आहे, मनाला सावरणारी दोन्ही साधने, वाईट का होईना, एकाच रात्री काढून घेतली आहेत, आणि माणूस कागदपत्रांची निरवानिरव करतो आहे. आत्मघाताच्या विचाराची याहून स्पष्ट खूण क्वचितच मिळते.

जुगाराच्या विकारासाठी उपचार घेणाऱ्यांचा स्वीडनमध्ये अभ्यास झाला. त्यात आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे पंधरा पट आढळले. खिन्नता आणि दारू यांची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो. खिन्नता ‘सुटका नाही’ असे सांगते, आणि दारू त्या क्षणीचा आवर काढून घेते. कर्ज उघडकीस आल्यानंतरचे पहिले काही दिवस म्हणूनच सर्वांत नाजूक समजावेत. घरच्यांना वाटते, सत्य बाहेर आले, आता सुटलो. आतल्या माणसाला नेमके उलटे वाटत असते.

अशा वेळी सरळ विचारावे. ‘इतके ओझे झाले आहे की जगू नये असे वाटते का?’ असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी नाव घेतले याचा माणसाला हलकेपणा येतो. उत्तर ‘हो’ आले, किंवा उत्तर न देता मान फिरली, तर पुढचा प्रश्न : ‘काही ठरवले आहे का?’ ठरवले असेल तर त्या माणसाला एक क्षणही एकटे सोडू नये. वाद, उपदेश, हिशेब हे सारे पुढच्या आठवड्यासाठी ठेवावे.

शेतकरी घरात एक काम त्याच दिवशी करावे. फवारणीची औषधे घरातून आणि गोठ्यातून हलवून शेजाऱ्याकडे किंवा कुलूपबंद ठिकाणी ठेवावीत, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. घरातल्या सर्व गोळ्याही त्यात आल्या. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. साधन हाताशी नसले तर तो निघून जातो आणि माणूस वाचतो. आणि काही पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ न घालवता, औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

घाई केव्हा, आणि सवड केव्हा

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला निघावे. जगण्याची इच्छा नसल्याचे बोलणे, निरवानिरव, चिठ्ठी किंवा स्वतःला इजा. दारू बंद केल्यावर फिट, भास, ताप, ओळख न पटणे किंवा न थांबणारा कंप. दारूच्या गुंगीत हाक देऊनही जाग न येणे, श्वास मंदावणे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असे हिंसक वर्तन. तसेच दोन-तीन दिवस झोप नसूनही थकवा नाही, अखंड बडबड, ‘आता करोडपती होणार’ अशी भाषा आणि भरमसाट पैसे लावणे, असे दिसले तर तेही तातडीचेच समजावे. हा खिन्नतेच्या उलट टोकाचा, उन्मादाचा झटका असू शकतो. त्यावर उपचार वेगळा असतो. खिन्नतेचे नुसते औषध दिले तर तो बळावू शकतो.

रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिवावरच्या धोक्यासाठी 112. मनाच्या तातडीसाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येते. रुग्ण बोलायला तयार नसेल तर नातेवाइकाने फोन करावा, तेही चालते. कन्नडकरांना आधी तालुक्याचे सरकारी रुग्णालय आणि तेथून गरजेप्रमाणे सुमारे साठ किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण सारे ‘घाटी’ म्हणतो, हा मार्ग आहे. तेथे मानसोपचार विभाग आहे. निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : रोज किती दारू, शेवटचा पेला केव्हा, पूर्वी फिट आली होती का, जिवाविषयी काय बोलला. घाबरलेल्या नातेवाइकाला ऐनवेळी हे आठवत नाही, आणि डॉक्टरांचा पहिला निर्णय याच चार ओळींवर ठरतो.

पोलिसांच्या भीतीने काही घरे थांबतात. ती भीती दूर करतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्कही तोच कायदा देतो. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तिच्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना व त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. डॉक्टरांपुढे आकड्याचे नाव काढल्याने कोणी अडचणीत येत नाही.

तातडीची यापैकी एकही खूण नसेल, पण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, पहाटेची जाग, कशातच रस नाही, किंवा खेळाविषयी खोटे बोलणे चालू असेल, तर त्याच आठवड्यात भेट ठरवावी. जुगाराची चौकशी करताना दोन प्रश्न पुरतात. पूर्वीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेसे वाटले का? किती खेळतो याविषयी जवळच्यांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर पुढील तपासणी हवी.

उपचारांचा क्रम

आमचे गृहस्थ सात दिवस रुग्णालयात राहिले. पहिल्या दोन दिवसांत भास ओसरले, चौथ्या दिवशी त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. आता सर्वच प्रश्न एकदम सोडवावेत असे घरच्यांना वाटू लागले. येथे क्रम पाळावा लागतो. प्रथम जीव, मग दारूची बाधा, त्यानंतर मन आणि खेळ.

खिन्नतेचे निदान लगेच पक्के करता येत नाही, कारण दारू स्वतःच खिन्नता निर्माण करते. दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत ती पुष्कळांत आपोआप विरते. ज्यांची विरत नाही, किंवा जिचा आरंभ दारूच्या आधीचा आहे, तिच्यासाठी स्वतंत्र उपचार लागतात. म्हणून डॉक्टर विचारतात : ‘दारू वाढण्यापूर्वी झोप कशी होती?’ या गृहस्थांची झोप अद्रकाच्या हंगामात, पहिल्या क्वार्टरच्या आधी गेली होती. चौथ्या आठवड्यातही पहाटेची धडधड राहिली, तेव्हा औषध सुरू झाले. अशा औषधाचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आरंभी कधी कधी अंगात बळ आधी येते आणि मनाची निराशा मागून जाते. त्या काळात घरच्यांनी लक्ष अधिक ठेवावे, कमी नव्हे. बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच थांबवू नये.

जुगारासाठी असे एखादे हमखास औषध नाही. मुख्य उपचार संवादाचा आहे. ओढ केव्हा उठते, तिच्या आधी मनात काय चालले होते, ‘थोडक्यात हुकला’ हा विचार खरा आहे का, आणि त्या अर्ध्या तासाच्या जागी दुसरे काय ठेवता येईल, याचा समुपदेशकाबरोबर सराव करायचा असतो. त्यांच्या बाबतीत ओढीचे दोन प्रसंग निघाले : सोमवारचा बाजार आणि रात्री दहानंतरचा मोबाइल. बाजाराला धाकटा भाऊ बरोबर जाऊ लागला. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवला जाऊ लागला. त्यातून पैसे पाठवण्याची सोय काढून टाकली आणि खाते पत्नीबरोबर संयुक्त केले.

कर्जाबाबत एक सूचना कटू वाटेल. सासऱ्यांनी एक तुकडा विकून सगळे एकदम फेडायचे ठरवले होते. ते थांबवले. ओढ आवरलेली नसताना मोकळी झालेली पाटी पुन्हा भरते, आणि घर दुसऱ्यांदा उभे राहत नाही. त्याऐवजी सर्व देण्यांची यादी एका वहीत, पत्नीच्या अक्षरात, त्यांच्यासमोर झाली. पाटल्या आधी सोडवायच्या ठरल्या, कारण तारणाला मुदत होती. सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे करता येते, हे कळल्यावरच त्या घरातील दारावरची थाप थांबली. ती थांबल्यावर गृहस्थांची झोप एका तासाने वाढली. हाही उपचारच होता.

तिसऱ्या महिन्यात, भाऊ बरोबर नसलेल्या एका बाजारच्या दिवशी, त्यांनी पाचशे रुपये लावले आणि हरले. घरी येऊन त्यांनी ते स्वतः सांगितले. पत्नीने पत्र लिहिले ते त्याच रात्री.

भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या एका तपशिलात आहे. पूर्वी ते लपवत असत, या वेळी सांगितले. पाचशे रुपये हरणे ही तातडी नव्हे. ठरलेली भेट चार दिवस अलीकडे घ्यावी आणि त्या दिवशी भाऊ का नव्हता, मन कसे होते, याची नोंद न्यावी. पण त्या रात्री त्यांनी दारूही घेतली असेल, किंवा पुन्हा कागदपत्रांविषयी बोलणे काढले असेल, किंवा डोळे चुकवून ‘आता काही अडचण नाही’ असे अतिशांतपणे म्हटले असेल, तर रागवणे नको आणि समजावणेही नको. त्यांच्याशेजारी बसावे, सरळ विचारावे, दुसऱ्या माणसाला बोलावून घ्यावे आणि पहाटेची वाट न पाहता निघावे.

इतर वाचकांनी आज एवढेच करावे. घरात रोज पिणारा कोणी असेल आणि तो उद्या शपथ घेणार असेल, तर शपथेच्या आधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आणि घरातील कर्ज आज रात्री उघडकीस आले असेल, तर पहिले तीन दिवस हिशेबाची वही मिटलेली राहू द्यावी.